हजेरीचा आकडा आणि आजाराचं नाव

आज एका पत्राविषयी बोलणार आहे. ते छापून आलेलं नाही, येणारही नाही. एका बापानं शाळेला लिहिलेलं ते उत्तर आहे आणि तो बाप मीच.

आम्ही खडकीत राहतो. बाजाराच्या बाजूला, रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. मुलगी २०२३ साली नववीत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेचं छापील पत्र आलं. मोकळ्या जागा शाईनं भरल्या होत्या : कामाचे दिवस ८४, हजर दिवस ५३, उपस्थिती ६३ टक्के, किमान ७५ टक्के आवश्यक, पालकांनी आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. पण त्याआधी एका शिक्षकांनी फोनवर हळूच विचारलं होतं, "शाळा बंद करायचा विचार नाही ना?" आमच्यासारख्या घरातली मुलगी महिनाभर दिसली नाही, की लोकांच्या मनात हा प्रश्न आधी येतो. त्यांच्या आवाजात काळजी होती. तरीही तो प्रश्न आम्हा दोघांना रात्रभर पुरला.

मुलीला क्षय झाला होता. फुप्फुसाचा. सगळे ज्याला टीबी म्हणतात तो.

जुलैत खोकला आणि ताप आला. पावसाळ्यात घरोघरी येतो तसाच. घराजवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं, ताप उतरला, खोकला राहिला. ऑगस्टमध्ये ती जिने चढताना थांबू लागली. संध्याकाळी अंग किंचित गरम, वजन तीन किलोनं कमी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकी तपासायची, हा या आजारातला साधा नियम आहे. त्याप्रमाणे डॉक्टरांनी छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी सांगितली. थुंकीची 'सीबीनॅट' नावाची चाचणी यंत्रावर होते आणि तिचा निकाल काही तासांत कळतो. जंतू आहेत की नाहीत एवढंच ती सांगत नाही, तर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील का, हेही सांगते. आमचे देतील, असं आलं. २६ ऑगस्टला औषध सुरू झालं.

शाळेच्या पत्राला उत्तर लिहायला बसण्याआधी तिची दैनंदिनी आणि दवाखान्याची फाइल शेजारी ठेवून मी ३१ गैरहजर दिवस वेगळे केले. जुलैच्या तापाचे ५. ऑगस्टमधले अशक्तपणाचे आणि तपासण्यांचे, सुटे सुटे, ७. २४ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर, रविवार आणि सुट्ट्या वगळून सलग, १९. शाळेच्या हजेरीपटावर हे सगळे दिवस एकाच खुणेचे असतात. पण पहिल्या पाच दिवसांत आम्हाला आजार ठाऊक नव्हता, पुढच्या सातांत आम्ही तो शोधत होतो आणि शेवटचे एकोणीस डॉक्टरांनी सांगून घरी घालवलेले होते. योग्य औषध नियमित घेतलं, की साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. तोवर वर्गात बसवू नका आणि वर अशक्तपणासाठी आणखी एक आठवडा द्या, असा त्यांचा सल्ला होता.

हिशेब झाला. आता शाळेला आजाराचं नाव सांगायचं की नाही?

एका शेजाऱ्यानं प्रेमानंच सल्ला दिला : "टायफॉइड लिहा हो. तीन आठवडे म्हटलं की सगळ्यांना पटतं." खरंच पटतं. टायफॉइड इभ्रतीचा आजार आहे, त्याला कुणी नाक मुरडत नाही. तसा दाखला देणारे दवाखानेही शोधावे लागत नाहीत. क्षयाचं तसं नाही. औंधचं उरो रुग्णालय आमच्यापासून लांब नाही, पण आमच्या लहानपणी त्या बाजूला निघालेल्या माणसाला कुठे चाललात असं विचारलं, तर तो दुसरंच काही सांगायचा. ही भीती पोकळ नव्हती. १८८७ साली आनंदीबाई जोशी याच रोगानं पुण्यात गेल्या, वयाच्या २१व्या वर्षी, स्वतः डॉक्टर असूनही. तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. आज ते आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण औषधाइतक्या वेगानं भीती पुढे सरकलेली नाही. मुलीचं नाव, पुढे लग्न, असल्या गोष्टी नातेवाइकांच्या तोंडी लगेच आल्या.

टायफॉइड लिहिण्यात मला दोन अडचणी दिसल्या. एक, हे खोटं तीन आठवड्यांत संपणारं नव्हतं. औषध सहा महिने घ्यायचं होतं : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजनानुसार मात्रा, रोज. महिन्याला एकदा दवाखाना, दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, ते पाहून तीच एकदा शाळेतून घाबरून आली होती. एवढं सगळं टायफॉइडच्या नावावर किती दिवस झाकणार?

दुसरी अडचण तिच्या वर्गातल्या मुलींची होती. हा रोग हवेतून, खोकल्यातून, बंद खोलीत बराच काळ सोबत राहिल्यानं पसरतो. एकत्र डबा खाल्ल्यानं किंवा वही दिल्या-घेतल्यानं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती खोकत होती आणि शेजारी रोज पाच-सहा तास त्याच मुली बसत होत्या. २०१२पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती नोंद आरोग्य खात्याकडे जाते, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नाही. घरातल्या आम्हा तिघांची तपासणी दवाखान्यानं करवून घेतली. बाकावरच्या मुलींचं मात्र आम्ही सांगितलं नसतं, तर कुणालाच सुचलं नसतं.

तरीही आजार तिचा होता. म्हणून पत्र एक दिवस थांबवलं आणि तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा, अब्बा. पण माझ्या बाकावरच्या दोघींना आधी मी सांगणार. आणि वर्गात कुणी ते वाचून दाखवायचं नाही." तिच्या दोन्ही अटी मान्य करून मी लिहिलं ते असं :

"मा. मुख्याध्यापिका बाई, सविनय नमस्कार. आपलं पत्र मिळालं. ८४ पैकी ५३ दिवस हा आकडा बरोबर आहे. ३१ दिवसांचा तपशील तारखांसह सोबत जोडला आहे. मुलीला फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचं ऑगस्टअखेर निश्चित झालं. २६ ऑगस्टपासून औषध सुरू आहे. ती शाळेत येऊ शकते असा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे आणि १८ सप्टेंबरपासून ती नियमित येत आहे. उपचार फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतील. त्यासाठी महिन्याला सुमारे एक दिवस रजा लागेल, ती आदल्या दिवशी कळवू. वर्षाचे २२० दिवस धरले तर ७५ टक्क्यांसाठी १६५ दिवस हवेत. उरलेल्या १३६ दिवसांपैकी तिला ११२ दिवस यावं लागेल आणि ते शक्य आहे असं आम्हाला वाटतं. तिच्या जवळ बसणाऱ्या कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्यांच्या पालकांना तपासणी करून घेण्यास सांगावं, ही विनंती. आजाराचं नाव वर्गात जाहीर करू नये, अशी तिची आणि आमची इच्छा आहे. बुडालेल्या भागासाठी काय करावं, ते कळवावं."

एवढंच. तिची हुशारी, आमची परिस्थिती, फोनवरचा तो प्रश्न, यांतलं काही त्यात घातलं नाही. खुलासा मागितला होता, कैफियत नव्हे. कविता लिहिणाऱ्याला विशेषणं सुचतातच, पण दाखल्याशेजारी ती शोभत नाहीत.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. वर्षाच्या सुरुवातीला भागाकारातली खालची संख्या लहान असते, म्हणून थोड्या रजेनंही आकडा धाडकन खाली येतो. ३१ दिवस सप्टेंबरअखेर ३७ टक्के होतात. तेच ३१ दिवस पूर्ण वर्षावर पसरले तर १४ टक्के. त्यामुळे सूचनापत्र आल्यावर घाबरण्याऐवजी पुढचे किती दिवस लागतात, ते मोजावं. अर्थात हे नववीचं झालं, तिथे शाळाच निर्णय घेते. दहावी-बारावीला ७५ टक्क्यांची अट परीक्षा मंडळाची असते. आजारपणाच्या कारणानं तिथेही सूट मागता येते, केंद्रीय मंडळात तर २५ टक्क्यांपर्यंत. पण कागद त्या त्या वेळचे लागतात. वर्षाअखेर मागल्या तारखेचा दाखला घेऊन धावणाऱ्यांकडे शाळा संशयानंच पाहते, आणि तिचंही फारसं चुकत नाही. आम्ही पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का घेऊन ठेवला होता.

बाईंनी तिसऱ्या दिवशी बोलावलं. पत्र त्यांच्या कपाटात होतं, वर्गशिक्षिकेखेरीज कुणाला दाखवलं नव्हतं. विज्ञानाच्या दोन धड्यांसाठी मधल्या सुट्टीत बसवायची सोय त्यांनी केली. त्या दोन मैत्रिणींची तपासणी झाली, दोघीही निरोगी निघाल्या. त्यांतल्या एकीच्या आईनं मात्र तिची जागा बदलून घेतली आणि ती वर्षभर तशीच राहिली. मुलीला ते लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

सरकार या रुग्णांना पौष्टिक आहारासाठी पैसे देतं. तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. तिचे पैसे उशिरा का होईना, बँकेत आले. त्यातून अंडी आणि शेंगदाणे आले, थोडे तिच्या रंगपेटीतही गेले. दोन महिन्यांनंतरची थुंकी स्वच्छ आली. वर्षाअखेर हजेरी २२०पैकी १८० भरली, म्हणजे ८२ टक्क्यांच्या जवळ.

फेब्रुवारी २०२४मध्ये औषध थांबलं. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एकदा तपासणी असते. त्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी आदल्या दिवशीच जायची. ती मात्र मी लिहीत नव्हतो. तीच लिहायची, आजाराच्या नावासकट, आणि मी खाली सही करायचो.