सौदा, गुण आणि चिरफाड
(वाटाघाटींचा सराव घेणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मोर्चा कसा काढायचा हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. घोषणा त्यांच्या घशातच असतात. पण मोर्चा थांबतो, साहेब म्हणतो, 'चार जण आत या, बोलू.' चार जण आत जातात. खुर्ची मिळते, चहा येतो. तासाभराने ते बाहेर येतात तेव्हा हातात एक कागद असतो. आणि बाहेर उन्हात बसलेल्यांच्या वाटचं त्या कागदात काय आलं, काय गेलं, हे त्या चौघांनाही धड सांगता येत नाही.

म्हणून सराव पाहिजे. पण दोघांना समोरासमोर बसवून 'हं, भांडा आता' म्हणायचं, हा सराव नव्हे. ती नाटकं. ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, बाकीचे टाळ्या वाजवतात, घरी जातात. सराव रचावा लागतो. आज एकच सराव पुरता उलगडून सांगतो. तो उचला, आपल्या वस्तीत घ्या.

विषय आपल्या ओळखीचा घ्या. वसतिगृहाची मेस. एका बाजूला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला मेसवाला. चार मुद्दे: महिन्याचा दर, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत, पैसे कधी द्यायचे, आणि आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी.

प्रत्येकाला एक कागद द्यायचा. त्यावर त्याच्या बाजूचे गुण असतात, समोरच्याचे नसतात. कागद दाखवायचा नाही, हा पहिला नियम. दाखवला की वाटाघाट संपली, बेरीज उरली. लपवायला परवानगी आहे, पण कागदात नसलेली गोष्ट बनवून सांगायला नाही. हेही आधीच सांगून टाका. नाहीतर नंतरची सगळी चर्चा 'तो खोटं बोलला' यातच जाते.

आता गुण नीट ऐका, कारण सगळी मेख तिथं आहे.

दर २८०० ते ३६०० रुपये, दोनशे-दोनशेच्या पायरीने. विद्यार्थ्याला २८०० ला ४० गुण, पुढं पायरीला दहा कमी, ३६०० ला शून्य. मेसवाल्याचं बरोबर उलट. म्हणजे इथं एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातं, नवं काही पिकत नाही.

जेवणाची वेळ आठ, नऊ किंवा दहा. अभ्यासिकेतून उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला हा जिवाचा प्रश्न: शून्य, ३०, ६०. मेसवाल्याला कामगार थांबवायचा थोडा त्रास: २०, १०, शून्य. पैशाची तारीख याच्या उलट. महिनाअखेर, पंधरा किंवा एक तारीख. किराणा उधारीवर भरणाऱ्या मेसवाल्याला शून्य, ३०, ६०. विद्यार्थ्याला २०, १०, शून्य.

चौथा मुद्दा सुट्टीचा. सोमवार, गुरुवार, रविवार. दोघांनाही शून्य, १०, २०. म्हणजे दोघांनाही रविवारच पाहिजे, पण ते एकमेकांना माहीत नाही. हा मुद्दाम लावलेला सापळा आहे. समोरचा आपल्या विरुद्धच असणार असं धरून चाललं, की माणूस आपल्याला हवी तीच गोष्टसुद्धा मागायला कचरतो.

वॉल्टन आणि मॅकर्सी या दोघांनी १९६५ साली कामगार-मालक वाटाघाटींवर पुस्तक लिहिलं. त्यात वाटून घ्यायचा सौदा आणि वाढवून घ्यायचा सौदा हे दोन वेगळे करून दाखवले. आपल्या चार मुद्द्यांत दोन्ही आहेत. सराव करणाऱ्याला हे सांगायचं नाही. त्यानं ते शोधायचं.

आता 'दुसरी वाट'. बोलणी फिसकटली तर काय? विद्यार्थ्याच्या कागदावर लिहा: दुसरी मेस आहे, लांब आहे, तिची किंमत ५० गुण. मेसवाल्याच्या कागदावर: कारखान्याच्या डब्यांचं काम मिळतंय, किंमत ८०. सौदा झाला नाही तर हे गुण मिळतात. शून्य नव्हे! सौदा न होण्याला शून्य दिलं की पोरं काहीही सही करून मोकळी होतात. मग आपण त्यांना वाकायलाच शिकवलं.

ज्यांनी हे रचलंय त्यांनी आधी घरी बसून बेरजा करून बघाव्यात. चारही मुद्दे मधोमध तोडले तर दोघांना सत्तर-सत्तर. दिसायला किती न्याय्य! पण मेसवाल्याची दुसरी वाट ८० ची आहे, तो उठून गेला पाहिजे. आणि त्याच ३२०० दरात वेळ दहाची, पैसे एक तारखेला, सुट्टी रविवारी असं केलं तर दोघांना शंभर-शंभर. मधोमध तोडणं म्हणजे शहाणपण, हा समज या आकड्यांनी मोडला पाहिजे. तुमच्या आकड्यांनी तो मोडत नसेल तर आकडे पुन्हा लिहा.

तिघांचा एक गट करा. दोघं बोलणारे, तिसरा निरीक्षक. चोवीस जण असले तर आठ गट. वाचायला दहा मिनिटं, बोलायला तीस, कागदावर ठरलेलं लिहून दोघांनी सही करायला पाच. आणि चिरफाडीला किमान पाऊण तास राखून ठेवा. वेळ कमी पडली तर बोलण्यातली कापा, चिरफाडीतली नको.

निरीक्षकाला बरेच जण फालतू समजतात. जो उरला तो निरीक्षक! च्यायला, खरं शिकणं त्याच्या वहीतून येतं. त्याला गुणांचा कागद द्यायचा नाही. दिला की त्याचा चेहरा बोलायला लागतो, आणि त्याची वही निकाल द्यायला लागते. त्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही. वहीत तीन रकाने: कितवं मिनिट, कोण, काय म्हणाला. शब्द जसेच्या तसे. 'तो चिडला' असं लिहायचं नाही. 'त्याने टेबलावर हात आपटला' असं लिहायचं. शिवाय तीन गोष्टींवर खुणा करायच्या. पहिला आकडा कोणी टाकला आणि किती. 'तुम्हाला हे का पाहिजे?' असा प्रश्न किती वेळा आला. आणि मुद्दे एकेक करून मिटवले की दोन-दोन एकत्र बांधून मांडले.

आता चिरफाड. इथं मास्तर लोक घाण करतात. खेळ संपला की फळ्यावर उत्तर लिहितात आणि भाषण ठोकतात. क्रम पाळा.

आधी प्रत्येकाने गप्प बसून एक ओळ लिहायची: समोरच्याला सगळ्यात जास्त काय हवं होतं असं मला वाटतं? निकाल कळल्यावर प्रत्येक जण म्हणतो, 'मला माहीतच होतं.' म्हणून आधी लिहून घ्या. मग गटागटात निरीक्षकाने वही वाचायची, बाकी दोघांनी मधे तोंड घालायचं नाही. मग फळ्यावर निकाल. आडव्या रेघेवर विद्यार्थ्याचे गुण, उभ्या रेघेवर मेसवाल्याचे, प्रत्येक गटाचा एक ठिपका. सगळ्यात शेवटी दोन्ही कागद उघडायचे.

गुणांची तुलना कुणाची कुणाशी? विद्यार्थ्याची विद्यार्थ्याशी, मेसवाल्याची मेसवाल्याशी. टेबलाच्या दोन बाजूंचे गुण हे एकाच नाण्यातले नाहीत, त्यांची कुस्ती लावू नका. आणि या गुणांवर परीक्षेचे मार्क देऊ नका. दिलेत तर पोरं कागद चोरून बघतील, आणि चर्चेत खरं बोलणार नाहीत.

दोन गट घ्या उदाहरणाला. पहिल्यात विद्यार्थ्याने दर खेचून ३००० वर आणला. निरीक्षकाची वही सांगते की बावीस मिनिटं नुसत्या दरावर गेली, 'का' एकदाही विचारलं नाही. उरलेल्या आठ मिनिटांत बाकी सगळं मधोमध तोडलं: नऊ वाजता, पंधरा तारीख, गुरुवार. विद्यार्थ्याला ८०, मेसवाल्याला ६०. दुसऱ्या गटात दर ३४०० ठरला. पण अकराव्या मिनिटाला विद्यार्थी म्हणाला, 'एक तारखेला पैसे दिले तर दहापर्यंत ताट वाढाल का?' आणि सुट्टी कुठली पाहिजे ते सरळ विचारलं. विद्यार्थ्याला ९०, मेसवाल्याला ११०.

पहिल्या गटातला पोरगा छाती काढून बसलेला असतो, चारशे रुपये कमी करून आणले म्हणून. फळा त्याला सांगतो की तू दहा गुणांनी मागे आहेस. आणि त्याचा मेसवाला? त्याची दुसरी वाट ८० ची होती, त्याने ६० वर सही केली. त्याला विचारा, का केलीस? उत्तर बहुतेक एकच येतं: उठून जाणं म्हणजे हरणं वाटलं. हे उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही सांगू नका.

वेळ असेल तर खेळ पुन्हा घ्या, जोड्या बदलून, आणि एकच आकडा बदला. विद्यार्थ्याची दुसरी वाट ५० वरून ९० करा: शेजारच्या वसतिगृहाबरोबर मिळून स्वतःची चूल पेटवायचं ठरलंय. बाकी अक्षर बदलू नका. दर कुठं जातो बघा, आणि विचारा, ही ताकद टेबलावर आली की टेबलाच्या बाहेर तयार झाली?

या खेळाची मर्यादाही चिरफाडीतच काढायची. गुण कोणी ठरवले? खेळ रचणाऱ्याने. ज्या पोराच्या घरून पैसे येत नाहीत त्याला चारशे रुपये वीस गुणांचे नाहीत, शंभराचे आहेत. मग पहिल्या गटातला पोरगा त्याच्यापुरता बरोबर ठरतो. प्रतिनिधी आत जाण्याआधी हा तक्ता वसतिगृहात बसून सगळ्यांनी भरला पाहिजे. नाहीतर तो स्वतःच्या भुकेचे गुण लावून दुसऱ्याचं ताट विकतो.

आणि काही गोष्टींना गुण लावताच येत नाहीत. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, निवाड्यातल्यापेक्षा आकडा मोठा. पण हातचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांनी त्या सौद्यावर पुढं जे लिहिलं ते याच मुद्द्यावर: जागा किती हे एक, त्या जागेवर कोणाच्या मतांनी बसायचं हे दुसरं. आणि तिथं 'दुसरी वाट' काय होती? गांधींचं उपोषण चालू होतं. ते दगावले असते तर गावोगावच्या आपल्या माणसांवर काय कोसळलं असतं? त्या वाटेला किती गुण लावाल?

म्हणून प्रत्येक कागदाच्या तळाशी एक रिकामी ओळ ठेवा: 'यावर बोलणी नाहीत.' मेसमध्ये वेगळी पंगत, वेगळी ताटं असं काही समोरून आलं तर ते पाचवा मुद्दा होत नाही. ती ओळ कोणी भरली, कोणी कोरी ठेवली, एवढं बघा. आणि चर्चा तिथून सुरू ठेवा.