फळीत अडकलेला होल सॉ

सुतारकाम शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज मी एकाच अडचणीबद्दल बोलणार आहे. जाड फळीला मोठं गोल भोक पाडताना होल सॉ मध्येच घट्ट रुतून बसतो. त्याला फळी न बिघडवता बाहेर कसं काढायचं आणि त्याच्या पोटात अडकलेलं लाकडी बूच कसं सोडवायचं, ते सांगतो.

होल सॉ म्हणजे पोलादी वाटी. तिच्या काठाला करवतीचे दात असतात आणि मधोमध साधारण सहा मिलिमीटरचं बिट. हे बिट आधी लाकडात शिरून वाटीला जागेवर धरतं. वाटीच्या पाठीला जो दांडा असतो, तो ड्रिलच्या चकात बसतो. दाराला कुलूप बसवताना किंवा टेबलातून वायरी काढायला भोक पाडताना हीच वाटी वापरतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या एका तरुणाने जुन्या वाड्यातली सागाची फळी आणून तिचं अभ्यासाचं टेबल केलं. फळी पन्नास मिलिमीटर जाड, आणि वायरींसाठी साठ मिलिमीटरचं भोक हवं होतं. त्याच्या होल सॉची आतली खोली होती अडतीस मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वाट्या साधारण एवढ्याच खोल असतात. हा हिशेब त्याने आधी केला नव्हता. तो एकाच बाजूने दाबत राहिला. अडतीसवर लाकडाचं बूच वाटीच्या तळाला टेकलं. पुढे दात खाली सरकू शकत नव्हते, नुसते घासत होते. जळका वास आला, धूर निघाला आणि ड्रिलने हाताला जोरात हिसका देऊन वाटी थांबली.

वाटी रुतायचं खरं कारण भुसा असतं. दात जो चर पाडतात तो जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असतो, आणि त्यातून भुशाला वर यायला वाटच नसते. चर खोल होत जातो तसा भुसा वाटीच्या आतून आणि बाहेरून ठासून बसतो. जुना साग तेलकट असतो, त्यामुळे गरम झालेला भुसा लापशीसारखा चिकटतो. त्यात ड्रिल जरा तिरपं झालं की वाटीची एक बाजू लाकडात दाबली जाते.

अशा वेळी बटण पुन्हा दाबून जोर लावू नका. वाटी अडली की तिची फिरकी ड्रिलच्या मुठीत येते आणि मनगट मुरगळतं. बटण सोडा, प्लग काढा, नाहीतर बॅटरी काढून ठेवा, आणि दहा मिनिटं थांबा. दात आणि वाटी चांगलीच तापलेली असते, हात लावू नका.

मग उलट्या फेऱ्याचा उपाय करा, पण त्याआधी वाटीच्या पाठीकडे पाहा. वाटी दांड्यावर आट्यांनी बसवलेली असते. मोठ्या वाट्यांच्या दांड्याला दोन पिना असतात, त्या वाटीच्या भोकांत शिरलेल्या असल्या तर काळजी नाही. पिना मागे सरकलेल्या असतील किंवा नसतीलच, तर उलटं फिरवताच आटे सुटतील, दांडा हातात येईल आणि वाटी लाकडातच राहील. पिना बसल्याची खात्री झाली की ड्रिल सगळ्यात हळू वेगावर ठेवा, जोडहँडल घट्ट धरा, आणि उलटं फिरवत सरळ मागे ओढा. सरळ, डावीउजवीकडे हलवायचं नाही. पहारीसारखं कुठूनही उचकटलंत तर मधलं बिट वाकेल आणि भोकाची कड फाटेल.

तरीही हलत नसेल तर चक सैल करून ड्रिल बाजूला काढा. दांड्याच्या षटकोनी भागावर पाना लावा आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहा. मध्ये मध्ये चरात दिसणारा भुसा बारीक तारेने खरवडून काढा. बहुतेक वेळा इथेच वाटी सुटते.

त्या तरुणाची वाटी सुटली नाही, कारण बूच तळाला टेकलं होतं आणि तेच घट्ट बसलं होतं. मग आम्ही फळी उलटी केली. बुचाचं लाकूड तर टाकायचंच होतं, त्यामुळे त्याला भोकं पाडायला हरकत नव्हती. बिटाचं टोक मागून दिसत होतं, ते केंद्र धरून तीस मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. केंद्रापासून पंधरा मिलिमीटरवर, समोरासमोर दोन ठिकाणी, आठच्या बिटाने भोकं पाडली. बिटाला अठ्ठेचाळीस मिलिमीटरवर चिकटपट्टी लावली आणि मग हळूहळू पुढे गेलो. बिट पोलादाला टेकल्याचं हाताला जाणवतं, आवाजही बदलतो. तिथेच थांबायचं. मग त्या भोकांतून बोथट लोखंडी सळई घालून हातोडीने हलके ठोके, एकदा या भोकात, एकदा त्या भोकात. एकाच भोकात ठोकत राहिलं तर वाटी तिरपी होऊन पुन्हा अडकते. पाच-सहा ठोक्यांत वाटी खाली सरकली.

मग उरलेलं बारा मिलिमीटर लाकूड मागच्या बाजूने कापलं. केंद्राचं भोक आधीच आरपार असल्यामुळे दोन्ही बाजूंचे चर एका रेषेत आले. बुचाचा मोठा भाग वाटीबाहेर राहिला होता, तो शिकंज्यात धरून वाटी पिळून काढली. खरं तर आधीपासूनच निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने कापलं असतं तर हा सगळा खटाटोप टळला असता.

पस्तीस मिलिमीटरच्या दारात मात्र वेगळी गोष्ट होते. वाटी आरपार जाते आणि बूच पूर्ण आत गडप होतं. आधी प्लग काढा. वाटीच्या बाजूला ज्या लांबट खाचा असतात, त्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक बुचाच्या मागच्या कडेला अडकवून पुढे ढकला. एका खाचेत थोडं, मग समोरच्या खाचेत थोडं.

खाचांतून जमलं नाही तर बुचाच्या दर्शनी तोंडावर, मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना, तीन मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि त्यांत बुचापेक्षा लांब दोन स्क्रू पिळा. साठ मिलिमीटरचे चालतील. स्क्रूचं टोक वाटीच्या तळाला टेकलं की ते पुढे जाऊ शकत नाही, मग बूचच स्क्रूवर चढत बाहेर येतं. दोन्ही स्क्रू आलटूनपालटून पिळायचे. भोक न पाडता सागात स्क्रू घालू नका, बूच फुटून वाटीत पाचरीसारखं बसतं. ते फुटलंच तर पटाशीने रेषेच्या दिशेने चिरून तुकडे काढा. मधलं बिट पटाशीच्या वाटेत आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

पुढच्या भोकासाठी एक सांगतो. वाटी हलकेच टेकवून वर्तुळाची खूण उठवा आणि त्या रेषेला आतून चिकटून आठ मिलिमीटरची दोन आरपार भोकं आधीच पाडून ठेवा. दात त्यांवरून गेले की भुसा त्यांतून खाली पडतो. फळीखाली हवा खेळेल असे ठोकळे ठेवा. आठ-दहा मिलिमीटर खोल गेलं की वाटी बाहेर काढून भुसा झटका, आणि मगच पुढे चला.