जळवेचा दंश आणि न थांबणारे रक्त
(पावसाळ्याच्या आरंभी ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील रानवाटांवर, कुळागरांत आणि ओढ्यांच्या काठी जळवा दिसू लागतात. पालापाचोळ्यात दडून बसलेली ही काडीएवढी जळू माणसाची चाहूल लागताच उभी राहते, पायाला चिकटते आणि बोटांच्या बेचक्यात किंवा घोट्यापाशी आपले स्थान निश्चित करते. ती चावल्याचे बहुधा कळत नाही. कळते ते जळू पोट भरून गळून पडल्यावर, पायावरून रक्ताचा ओघळ आला म्हणजे. माणसे घाबरतात ती या रक्ताला. दुसरी एखादी लहान जखम दाबून धरली, तर पाचसात मिनिटांत रक्त थांबते. जळवेची जखम तिच्याहून बारीक असूनही तासन् तास ठिबकत राहते. याचे कारण नीट समजले, तर अर्धी भीती तेथेच नाहीशी होते.

जखम झाली म्हणजे प्रथम रक्तातील सूक्ष्म चकत्या तेथे गोळा होऊन एक बूच बनवितात. पुढे रक्तातील एका द्रव्याचे तंतू होतात आणि ते बूच पक्के होते. यालाच आपण रक्त गोठणे म्हणतो. जळवेला मात्र पातळ, वाहते रक्त हवे असते. म्हणून ती आपल्या तीन जबड्यांनी कातडी चिरताना जखमेत लाळ सोडते. या लाळेतील एक द्रव्य चकत्यांना जमू देत नाही, दुसरे तंतू होऊ देत नाही आणि आणखी काही द्रव्ये तेथील केशवाहिन्या रुंद करतात. इ. स. १८८४ मध्ये हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने जळवेच्या अर्काने रक्त गोठत नाही, हे दाखवून दिले. त्यातील मुख्य द्रव्याला पुढे हिरुडिन हे नाव मिळाले. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की हा परिणाम केवळ त्या जखमेपुरता असतो. शरीरातील बाकीचे रक्त नेहमीप्रमाणेच गोठते. लाळेचा अंश रक्ताबरोबर धुऊन निघाला, की जखमही मिटते. त्याला काही तास लागतात, कधी दहा तासही लागतात.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. सहावीतील एक मुलगा ओढा ओलांडून शाळेत आला आहे. त्याचा मोजा रक्ताने भिजलेला आहे आणि घोट्याला एक जळू अजून चिकटलेली आहे. कोणी मीठ आणावयास धावतो, कोणी चुना किंवा तंबाखू सुचवितो, कोणी काडी पेटवितो. शिक्षकांनी यांपैकी काहीही करू देऊ नये. मिठाने जळू सुटते, हे खरे. परंतु सुटताना ती पोटातील रक्त जखमेत ओकण्याचा संभव असतो आणि तिच्या आतड्यातील जंतू त्याबरोबर जखमेत उतरतात. आपल्या प्राचीन वैद्यांना हा गुण ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत रक्त पिऊन झालेल्या जळवेला ओकवून काढण्यासाठी तिच्या तोंडाला तेल व मीठच लावावयास सांगितले आहे. चुन्याने आणि आगीने तर मुलाची कातडीच भाजते.

योग्य रीत अशी. जळवेचे निमुळते टोक म्हणजे तिचे तोंड. तेथील कातडी एका हाताने किंचित ताणावी आणि दुसऱ्या हाताचे नख कातडीला लगटून आडवे सरकवावे, म्हणजे तोंडाची पकड सुटते. मग त्याच रीतीने जाड टोकाची पकड सोडवून जळू दूर फेकावी. तिला धरून ओढू नये. त्यानंतर जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी. मुलाला बसवून किंवा निजवून पाय उंच ठेवावा. स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी आणि घड्याळ पाहून पूर्ण वीस मिनिटे तशीच धरावी. बहुतेकांची चूक येथेच होते. दर दोन मिनिटांनी फडके उचलून रक्त थांबले का, हे पाहिले जाते आणि नुकतेच जमू लागलेले बूच प्रत्येक वेळी निघून येते. फडके भिजले, तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे.

वीस मिनिटांनंतरही थोडे ठिबकत असेल, तर घडीवर पट्टी बांधावी. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली, तर पट्टी फार आवळली आहे, असे समजून ती सैल करावी. पोटरीला दोरी आवळून बांधू नये. जखमेत हळद, राख, माती किंवा शेण भरू नये. दुखण्यावर ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याने रक्त गोठण्यास आणखी विलंब होतो. भिजलेला मोजा पाहून पुष्कळ रक्त गेले, असे वाटते. पण त्यात पावसाचे पाणीच अधिक असते. पुढे दोनचार दिवस खाज सुटते. ती खाजविल्यास जखम पुन्हा वाहते, म्हणून त्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली नसेल, तर ती टोचून घ्यावी.

घरचा उपचार कोठे थांबवावा, हेही ठाऊक असले पाहिजे. दोन वेळा वीस-वीस मिनिटे दाबूनही फडकी भिजतच राहिली, चक्कर आली, किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असला, तर त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. नाक, घसा, डोळा किंवा गुप्तांग यांत जळू शिरल्याचा संशय आला, तर घरी चिमटा घालू नये. अंगावर गांधी उठून चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर क्षणभरही थांबू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखम लाल होऊन सुजली, पू झाला किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग झाला, असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. पायावर रक्त आहे, पण जळू कोणी पाहिली नाही, अशा वेळी ‘जळूच असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. घोणस आणि फुरसे यांच्या विषानेही रक्त गोठत नाही आणि हे सापही पावसाळ्यात पायाखाली येतात. जळवेचा दंश फारसा दुखत नाही, तेथे सूज अल्प असते आणि रक्त त्या एकाच जागेतून येते. सापाच्या दंशात बहुधा तीव्र वेदना होतात, सूज वर चढत जाते आणि पुढे हिरड्यांतून, लघवीतून किंवा जुन्या जखमांतूनही रक्त येऊ लागते. तेथे विष सर्व शरीरात पसरलेले असते. संशय असेल, तर तो सर्पदंशच मानावा. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालू न देता, पाय स्थिर ठेवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे. तेथे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवतात. ते गोठले नाही, तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे, हे डॉक्टरांना कळते आणि सर्पविषावरील लस देण्याचा निर्णय घेता येतो.

जळवेच्या जखमेला वीस मिनिटांचा दाब पुरतो. सापाच्या दंशात तीच वीस मिनिटे घरी घालविली, तर ती जीवावर बेतू शकतात. म्हणून रक्त दिसताच प्रथम जखम आणि तिच्याभोवतालची जागा नीट पाहावी आणि मगच फडके हाती घ्यावे.