परदेशातला पगार आणि हातात पडणारा पैसा

परदेशातल्या नोकरीच्या पत्रात जो आकडा असतो तो वर्षाचा आणि कर कापण्याआधीचा असतो. घरात मात्र त्याला सगळ्यात आधी चलनाच्या दराने गुणले जाते. लंडनजवळच्या एखाद्या कंपनीने 55,000 पौंड देऊ केले आणि पौंड 115 रुपयांना धरला, तर वर्षाचे 63 लाख रुपये होतात. डोंबिवलीहून रोज ऐरोलीला जाणाऱ्या, 18 लाख सीटीसी असलेल्या इंजिनिअरला ही साडेतीन पट वाढ वाटते. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत, आणि तुलना चुकायला सुरुवात होते ती इथेच.

आपल्याकडच्या सीटीसीत कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. ब्रिटनमधल्या पगारात कंपनीचा वाटा धरत नाहीत, तो वेगळा असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी महिन्याला बँकेत जमा होणाऱ्या रकमेपर्यंत उतरायला हवे. मूळ वेतन 40 टक्के धरले, तर 18 लाखांतून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मग कर्मचाऱ्याचा पीएफ, व्यवसाय कर आणि 2025-26च्या नव्या करप्रणालीचा आयकर वजा जाऊन महिन्याला सुमारे 1 लाख 22 हजार हातात येतात.

आता 55,000 पौंड. महिन्याचे होतात 4,583. ब्रिटनमध्ये 2025-26 साली वर्षाला पहिले 12,570 पौंड करमुक्त आहेत, त्यापुढे 50,270 पर्यंत 20 टक्के आणि त्याच्या वर 40 टक्के आयकर लागतो. आयकराखेरीज नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, मधल्या टप्प्यावर 8 टक्के आणि वरच्यावर 2 टक्के. कामाच्या ठिकाणच्या पेन्शन योजनेत कर्मचाऱ्याचे नाव आपोआप घातले जाते, त्याचीही कपात होते. तिन्ही मिळून महिन्याला सुमारे 1,155 पौंड जातात आणि 3,428 उरतात. रुपयांत हे जवळजवळ 3 लाख 94 हजार. म्हणजे इथल्या हातातल्या पगाराच्या सव्वातीन पट. करामुळे स्वप्न फारसे लहान होत नाही, हे आधी मान्य करायला हवे. ते लहान होते घरभाड्याने.

नवरा-बायको दोघेच गेले आणि त्यांनी लंडनबाहेर, पण लोकलने पोहोचता येईल अशा गावात छोटा फ्लॅट घेतला, असे धरू. भाडे 1,500 पौंड. कौन्सिल टॅक्स घरमालक नव्हे, तर राहणारा भाडेकरू भरतो, आणि जाहिरातीतल्या भाड्यात तो बहुधा नसतो, त्याचे 170. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट 220. प्रवासाला 180. ब्रिटनमध्ये रेल्वेचा पास ही मोठी बाब आहे. डोंबिवली-ठाण्याच्या मासिक पासाची सवय असलेल्या माणसाला हा खर्च अंदाजपत्रकात घालायचे सुचतच नाही. वाणसामान, मोबाइल, कपडे आणि किरकोळ धरून 600. एकूण 2,670. भाडे गावागणिक बदलते, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजावेत. प्रत्येकाने आपल्या गावाचे घालून पाहावेत. उरले 758 पौंड.

त्यातून घरी पैसे जायचे आहेत. डोंबिवली पूर्वेतल्या फ्लॅटचा हप्ता 38,000 आणि त्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईवडिलांच्या खर्चाला 22,000, असे 60,000 रुपये धरले, तर 522 पौंड लागतात. हाताशी राहिले 236 पौंड, म्हणजे सुमारे 27,000 रुपये. डोंबिवलीतच राहिल्यास 1 लाख 22 हजारांतून तोच हप्ता, चौघांच्या घरखर्चाचे 45,000 आणि प्रवास-विम्याचे 8,000 वजा जाता 31,000 शिल्लक पडतात. साडेतीन पटीच्या पगाराची शिल्लक जवळजवळ तितकीच, किंबहुना थोडी कमीच. तिथल्या पेन्शनमध्ये कंपनीच्या वाट्यासह महिन्याला सुमारे 290 पौंड साठतात, इथल्या पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून 14,400 रुपये. ही जमेची बाजू तिथे भक्कम आहे, पण तो पैसा 2028पासून वयाच्या 57व्या वर्षापर्यंत सहसा काढता येत नाही, त्यामुळे हप्त्याला उपयोगी नाही.

या सगळ्या हिशेबाला उलटवणारी एकच गोष्ट आहे: दुसरा पगार. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला ब्रिटनमध्ये नोकरी करता येते. ती लागली तर भाडे तेच राहते आणि तो पगार बराचसा शिलकीत जातो. मात्र बायको ठाण्यात नोकरी करत असेल, तर निघताना तिचा पगार बंद होणार आहे. त्या बुडणाऱ्या पगाराची रक्कम तुलनेत इकडच्या बाजूला धरायची असते, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच विसरली जाते.

जाण्याआधीचा मोठा खर्च म्हणजे इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज. प्रौढ माणसाला वर्षाला 1,035 पौंड, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम भरायचे. दोघांचे तीन वर्षांचे 6,210 पौंड, म्हणजे सात लाखांहून जास्त. महिन्यावर पसरले तर 172 पौंड, आणि वरची 236 पौंडांची शिल्लक 64 वर येते. काही कंपन्या हा सरचार्ज स्वतः भरतात, काही फक्त कर्मचाऱ्याचा भरतात, कुटुंबाचा नाही. ऑफर लेटरवर सही करण्याआधी हे लेखी विचारून घ्यावे. पगारात दोन हजार पौंड वाढवून मागण्यापेक्षा ही मागणी जास्त मोलाची ठरते, कारण वाढलेल्या पगारातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कपातीतच जातो.

पहिल्या पगाराची स्लिप फसवी असते. ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते. कोणी ऑक्टोबरमध्ये रुजू झाला आणि त्या करवर्षातली ती त्याची ब्रिटनमधली पहिलीच कमाई असली, तर एप्रिलपासूनची न वापरलेली करमुक्त रक्कम त्याच्या खात्यावर साठलेली असते. त्यामुळे पहिल्या महिन्यात आयकर कापलाच जात नाही आणि मार्चपर्यंत कमीच कापला जातो. त्या रकमेवर विसंबून जास्त भाड्याचे घर घेतले, की पुढच्या एप्रिलपासून ओढाताण सुरू होते. याच्या उलट, कंपनीला आवश्यक माहिती वेळेत दिली नाही तर सुरुवातीला जादा कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो.

ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याला भारतातही एक पेच पडतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिला असेल, तर त्या वर्षापुरता तो निवासी धरला जातो. 1 एप्रिलपासून मोजले तर 29 सप्टेंबरलाच हे दिवस भरतात. मग मार्चअखेरपर्यंतचा ब्रिटनमधला पगार सामान्यपणे भारतातही करपात्र ठरतो. ब्रिटनमध्ये भरलेल्या कराची सवलत दोन देशांमधल्या करारानुसार मिळते, पण त्या महिन्यांत तिथे कर कापलाच गेला नाही किंवा थोडाच गेला, तर सवलतही तेवढीच. उरलेला कर इथे भरावा लागतो. सप्टेंबरच्या मध्यावर निघता येत असेल, तर भारतात आधी घालवलेले सगळे दिवस मोजून, करसल्लागाराला दाखवून विमानाचे तिकीट काढावे. दोन आठवड्यांच्या फरकाने कराची मोठी रक्कम वाचू शकते.