टोकन देण्याआधी विचारा

आज घर भाड्याने घेण्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आपण गावात राहतो, आपला काय संबंध? पण लेकी नोकरीला मुंबईला जातात आणि बाहेरून फोन करून त्या आपल्यालाच विचारतात, "आई, काय करू?"

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला शीवच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. शीव म्हणजे वेस. जुन्या मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची. आज तिथे तमिळ, गुजराती, सिंधी, पंजाबी, मराठी सगळे राहतात, आणि दर इमारतीची रीत वेगळी. ताई घाबरल्या होत्या म्हणून मीही सोबत गेले.

पहिली खोली छान होती. एजंट म्हणाला, "सगळं चालतं." तेवढ्यावर टोकनचे पैसे द्यायला ताईंनी पिशवीत हात घातला. मी म्हटलं, थांबा, आधी मालकांशी बोलू. फोनवर मालक म्हणाले, "अंडंसुद्धा नको." टोकन दिलं असतं तर ते परत मिळवताना नाकी नऊ आले असते. एजंटला दलाली हवी असते, तो नाही कशाला म्हणेल?

दुसऱ्या घराच्या मालकीणबाई समोरच भेटल्या. तिथे मुलीने स्वतःच विचारलं, आणि तिची विचारायची पद्धत मला आवडली. "काकू, आम्ही कोकणातले. मासे खातो, घरीच शिजवतो. तुम्हाला किंवा इमारतीत कुणाला अडचण आहे का? असेल तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही." तिने नुसतं "नॉनव्हेज चालेल का" असं विचारलं नाही. कारण कुणी बाहेरून आणून खाल्लेलं चालवून घेतं, पण शिजवलेलं नाही. कुणाला रस्सा चालतो, पण सुका बोंबील भाजला की चार मजले वास जातो, ते चालत नाही. काकू हसून म्हणाल्या, "शिजव गं, फक्त सुकं खिडकीशी भाजू नकोस. आणि कचरा बांधून टाक."

मग सणाचं. "आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरतीला वीसेक माणसं येतील, गावाकडून दोघं-तिघं मुक्कामाला येतील. चालेल?" काकू म्हणाल्या, घरात कितीही करा, जिन्यात चपलांचा ढीग नको, गच्ची हवी असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, आणि रात्री दहानंतर आवाज नको. दहाचं हे काकूंचं एकटीचं म्हणणं नाही. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम देशभर २००० सालापासून आहे. सणांच्या काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं.

त्याच संध्याकाळी मुलीने हे सगळं काकूंना मोबाइलवर मेसेज करून पाठवलं. "आज बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून चार ओळी. काकूंनी "हो" लिहिलं.

खरी गंमत पुढे झाली. एजंटने कराराचा मसुदा पाठवला. अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. हे करार बहुतेक ठिकाणी जुन्या कागदावरून उतरवलेले असतात. मुलीने रात्री बसून तो वाचला, तर सातव्या-आठव्या कलमात लिहिलेलं, "जागेत मांसाहारी पदार्थ शिजवू नयेत." काकूंना ठाऊकही नव्हतं. मुलीने तो मेसेज दाखवला आणि कलम काढून टाकलं. नोंदणीला फोटो काढला, अंगठा घेतला की झालं. मग तोंडी बोलणं बाजूला राहतं आणि कागद खरा ठरतो. कुणी तक्रार केली असती तर तेच कलम दाखवून तिला घर सोडायला सांगता आलं असतं.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार हा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. "नोंदणी कशाला, खर्च वाचेल" असं कुणी म्हटलं तर लेकीला हे सांगा. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. पण त्या भरवशावर राहू नये, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आता मनातलं सांगते. विचारावं लागतं हेच खुपतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला ऑफिसची जागा पाहायला गेलेल्या एका बाईंना मराठी म्हणून जागा नाकारली, तो व्हिडिओ तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिला असेल. पहिल्या मालकाचा फोन ठेवल्यावर ताईंचे डोळे भरले होते. "आपण काय वाईट खातो का गं?" त्यांना मी काय सांगणार? त्या घरात लेक अकरा महिने चोरून जेवली असती, एवढंच म्हटलं.

यंदा दीड दिवसाचा गणपती त्या दुसऱ्या घरात बसला. काकू आरतीला आल्या होत्या. चपला मुलीने गोणपाट अंथरून घरातच ठेवायला लावल्या.