रागाच्या मेलला उत्तर देताना

संध्याकाळी सहा वाजता साहेबांचा मेल येतो: ‘अहवाल अजून का आला नाही? हा निष्काळजीपणा आहे.’ प्रत सगळ्या विभागाला. अहवाल तर तुम्ही सोमवारीच पाठवलेला असतो. उत्तर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण नव्या मसुद्यात आणि पत्त्याची जागा रिकामी ठेवून. म्हणजे चुकून बटण दाबलं तरी मेल जाणार नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात राग उतरत नाही.

मात्र गप्प राहिलात तर दुर्लक्ष केल्यासारखं दिसतं. म्हणून एवढंच कळवा: ‘मेल मिळाला. तपासून उद्या अकरापर्यंत कळवतो.’ काम तातडीचं असेल तर सरळ फोन करा.

सकाळी मसुदा मोठ्यानं वाचा. ‘तुम्ही नेहमीच’ अशी वाक्यं काढा, घडलेलं तेवढं ठेवा: ‘अहवाल सोमवारी दुपारी पाठवला होता. सोबत पुन्हा जोडला आहे.’ आरोप सर्वांसमोर झाला, म्हणून हे छोटं उत्तर सर्वांना जाऊ द्या. मन दुखावल्याचं मात्र साहेबांशी समोरासमोर बोला. आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरा.