घर पुरे का

(स्नेहमेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आवरून)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिलेला नाही. म्हणून मी एक गोष्ट सांगणार आहे. गोष्टीत तीन माणसे आहेत : मी, बंडू आणि गोट्या. तिघेही सभागृहात हजर आहेत. गोट्याची परवानगी घेतली आहे. बंडूची घेतलेली नाही, त्याची गरजही नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास गोट्याने व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकला. हिरव्या पार्श्वभूमीवर तीन शब्द : ‘घर पुरे का’. पुढे काही नाही, चित्र नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला होता. काहींनी बदाम पाठवले, दोघांनी हात जोडले आणि एकाने ‘छान विचार’ असे लिहिले. कोणी ते मी सांगत नाही.

वहिनी गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते. गोट्या गटावर बोलत नव्हता, कट्ट्यावर येत नव्हता. स्टेटस पाहिल्यावर मी फोन केला तर बंद. बंडूला सांगितले, तर तो स्कूटर काढून थेट त्याच्या घरी गेला. दाराला कुलूप होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळी छोटी बॅग घेऊन बाहेर पडले, बहिणीकडे जातो म्हणाले. बहिणीचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. संध्याकाळी साडेसहाला बंडू माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, “हे वाक्य मला आवडलेलं नाही.”

आम्ही ते वाक्य कागदावर लिहिले आणि बसलो. पहिला तास अर्थातच गेला. ‘घर पुरे का?’ म्हणजे घर पुरेसे आहे का? पण एकट्या माणसाला दोन खोल्यांचे घर न पुरायला काय झाले? की ‘पुरेल’ लिहिताना ‘ल’ राहिला? मुलगा, सून, नातवंडे परदेशातून यायची असतील. की ‘घर पुरे’ इथेच थांबायचे, म्हणजे आता घर बास झाले? हा तिसरा अर्थ आम्ही दोघांनीही मनात वाचला आणि बराच वेळ मोठ्याने बोललो नाही. शेवटी बंडूच म्हणाला, “पोलिसांत जायचं का?”

मी म्हटले, जाऊ, पण आधी एक सांग. गोट्या असे मराठी लिहील का? आपल्या वर्गात निबंधाला सर्वांत जास्त मार्क याला. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा हा माणूस. तो लिहिता तर ‘घर पुरेसं आहे का?’ असे लिहिता, किंवा ‘घर पुरे झालं’. प्रश्नचिन्ह गाळणे तर त्याला जमणारच नाही. वाक्य अवघडल्यासारखे होते. घाईत लिहिलेले वाक्य असे नसते, त्यात अक्षरे गळतात, मात्रा चुकतात. इथे अक्षरे शुद्ध होती आणि अर्थ मात्र वाकडा. जणू अर्थाला बाजूला सरकवून अक्षरांना जागा करून दिली होती.

आणि मग मला नववीच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. (बाई पुढच्या रांगेत आहेत. बाई, नमस्कार.) शनिवारच्या शेवटच्या तासाला बाईंनी आम्हाला कटपयादी शिकवली होती. ज्यांनी संस्कृतऐवजी दुसरा विषय घेतला होता, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अक्षरांतून आकडे लपवायची ही जुनी रीत. केरळातल्या ज्योतिर्विदांनी ग्रहगणिताचे आकडे असे शब्दांत बांधून पाठ केले. ‘क’पासून एक, दोन, तीन मोजत जायचे : क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, छ ७, ज ८, झ ९ आणि ञ शून्य. ‘ट’पासून पुन्हा तसेच, ट १ ते ध ९, न शून्य. ‘प’पासून म पर्यंत एक ते पाच. ‘य’पासून ह पर्यंत एक ते आठ. क, ट, प, य या चारांपासून मोजणी सुरू होते म्हणून हे नाव. काना-मात्रा-अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरात फक्त शेवटचे व्यंजन धरायचे. सुटा स्वर म्हणजे शून्य. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, आकडे डावीकडून मिळाले तरी संख्या उजवीकडून वाचायची. ‘जय’मध्ये ज ८, य १, उलटे वाचले की १८. महाभारताचे जुने नाव ‘जय’ आणि त्याची पर्वे अठरा, हे बाईंनी सांगितले तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला होता. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेलांची नावेही अशीच आहेत. धीरशंकराभरणम् हा एकोणतिसावा मेल, कारण धी ९, र २.

ज्ञानाचा आम्ही काय उपयोग केला, तर चाचणीचे मार्क एकमेकांना चिठ्ठीतून कळवले. गणितात काठावर पास झालेल्याने चिठ्ठीवर ‘मला’ एवढेच लिहायचे. म ५, ला ३, उलटे ३५. ‘मला’वाले आम्ही बरेच होतो.

तर मी कागदावर अक्षरे सुटी लिहिली. घ ४, र २. पु १, रे २. का १. सरळ वाचले तर ४२१२१. बंडू म्हणाला, पिनकोड असेल. पण पिनकोडला सहा आकडे लागतात. मग बाईंच्या नियमाप्रमाणे उलटे लिहिले : १२१२४.

बंडूने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. हा माणूस अठ्ठावीस वर्षे पुण्याहून मुंबईला पास काढून नोकरीला गेला. तो म्हणाला, “लेका, ही आमची क्वीन आहे.” डेक्कन क्वीन. आधी तिचा नंबर २१२४ होता. डिसेंबर २०१० मध्ये रेल्वेने सगळ्या गाड्यांचे नंबर पाच आकडी केले, तेव्हा पुढे एक लागला. १२१२४ सकाळी पुण्याहून निघते, १२१२३ संध्याकाळी मुंबईहून परत येते. बंडूला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण १ जूनला पुणे स्टेशनवर क्वीनचा वाढदिवस करायला हा अजून जातो.

मला आनंद झाला, पण बंडू बँकेतला. कागद खाली ठेवून तो म्हणाला, “थांब. कुठल्याही ओळीतून काही ना काही आकडा निघणारच. मग तुझा आकडा खरा कशावरून?” प्रश्न बिनतोड होता. अशा उकलीत माणूस फसतो तो इथेच, हवे ते सापडले की शोधणे थांबवतो. म्हणून आम्ही गोट्याचे जुने मेसेज काढले आणि तीच रीत त्यांना लावली. ‘सुप्रभात’चे ६४२७ आले. ‘उद्या बोलू’चे ३३१०. ‘नमस्कार’चे २१५०. एकाही आकड्याला काही अर्थ नव्हता, आणि त्या ओळी मराठी म्हणून अगदी सरळ होत्या. इथे वाक्य अवघडलेले होते आणि आकडा मात्र पाचही अंकांनी चालू गाडीचा, तीही आपल्या गावातून सुटणारी. एवढ्यावर पोलिसांना पटले नसते. आम्हाला पटले.

राहिला दिवस. गाडीचा नंबर मिळाला, तारीख कुठे होती? बंडू हताश झाला, क्वीन रोजच धावते. उत्तर स्टेटसमध्येच होते. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसला जातो. मंगळवारी चारला टाकलेला बुधवारी चारला जाणार. त्या चोवीस तासांत १२१२४ पुण्याहून एकदाच सुटते, बुधवारी सकाळी सव्वासातला. शिवाय हा नंबर फक्त जाणाऱ्या गाडीचा, म्हणजे गोट्या येत नव्हता, निघाला होता. कुठे आणि कशासाठी, हे त्या पाच अक्षरांत नव्हते. तिथे आमची विद्या संपली.

रात्री दोघांनाही झोप लागली नाही. सकाळी साडेसहाला आम्ही फलाटावर होतो. डबा माहीत नव्हता म्हणून बंडू इंजिनाकडून आणि मी शेवटाकडून निघालो. तो मला खिडकीशी सापडला, मांडीवर एक्सरेचे मोठे पाकीट. मला पाहून हसला आणि पहिला प्रश्न विचारला, “उलटं वाचायचं कुणाला आठवलं?”

बायपास ठरली होती. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मुलाने परदेशातून सगळी व्यवस्था केली होती, भाचा दादरला उतरवून घेणार होता. पुण्यातली रात्र बहिणीकडे काढायची, फोन बंद ठेवायचा, असे त्याने ठरवले होते. मी चिडलोच. म्हटले, सरळ सांगता येत नव्हतं? तो म्हणाला, “सरळ सांगितलं असतं तर गटावर शंभर फुलं आली असती. वहिनींच्या वेळी आली होती तशी. त्यांना उत्तरं द्यायची ताकद नव्हती रे. या म्हणायचं नव्हतं, पण कुणी आलं तर बरं वाटलं असतं.” तेवढ्यात बंडू धापा टाकत आला आणि काही न बोलता त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. सीटचा मालक आल्यावर उठला. गाडी हलली तेव्हा आम्ही खाली उतरलो होतो.

चार आठवड्यांनी एका सकाळी पुन्हा स्टेटस आला : ‘बरे करू या’. गटावर लगेच आरोग्याच्या शुभेच्छा सुरू झाल्या. मी कागद घेतला. ब ३, रे २, क १, रू २, या १. तोवर बंडूचा फोन आलाच होता. त्याने विचारले, “आठ वाजता पोचशील ना?”

क्वीन पुण्याला रात्री आठ पंचविसाला येते. त्या दिवशी दहा मिनिटे उशीर झाला.